फ्लॅट आणि स्वतंत्र घर: विमा एकच, पण भरपाई वेगवेगळी का?

प्रश्न: «माझा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि आई-वडिलांचं नदीजवळ स्वतंत्र घर आहे. दोन्हींचा विमा काढायचा आहे. आग, पूर, चोरी आणि घरातलं सामान यात नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही? दोन्हीला एकच पॉलिसी चालेल का?»

पॉलिसीचा प्रकार दोन्हीकडे एकच चालेल. एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना घरासाठी «भारत गृह रक्षा» ही ठरावीक मजकुराची पॉलिसी द्यावी लागते. त्यामुळे मूळ संरक्षण कुठल्याही कंपनीत तेच असतं. फरक हप्त्यात आणि जोडून मिळणाऱ्या संरक्षणांत पडतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. या पॉलिसीत नुकसान किती झालं याआधी नुकसान कशामुळे झालं हे बघतात. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड किंवा वाहन आदळणं, दंगल, पाण्याची टाकी वा पाइप फुटणं अशी कारणांची यादी आहे. कारण त्या यादीत बसलं तरच पुढचं बोलणं होतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पाण्याच्या नुकसानीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा नदीचं पाणी चढलं आणि आई-वडिलांच्या घरात तीन फूट उभं राहिलं. स्वतंत्र घरात «इमारत» या शब्दात बरंच काही येतं: भिंती, फरशी, दारं, वायरिंग, शिवाय कुंपणाची भिंत, फाटक, संरक्षक भिंत, गॅरेज, सेप्टिक टँक, जमिनीतली पाण्याची टाकी, छतावरचे सोलर पॅनेल. पुराने कुंपण पाडलं तर ते भरून मिळतं, पण विम्याची रक्कम ठरवताना ते धरलेलं असायला हवं. लोक घराचं क्षेत्रफळ सांगतात आणि कुंपण, आउटहाउस सांगायचं राहून जातं. गाळ आणि पडझड उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

सामानात फ्रिज, कपाटं, गाद्या भिजल्या तर त्या मिळतात. अंगणात लावलेली स्कूटर मिळत नाही. वाहनं या पॉलिसीतून वगळलेली आहेत, त्यांचा वेगळा मोटार विमा लागतो. कपाटातली रोकड, कागदपत्रं, शेअर सर्टिफिकेट हेही नाही.

आता जमिनीकडे या, कारण स्वतंत्र घरात खरा वाद तिथे होतो. घराखालची जमीन खचली तर संरक्षण आहे. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, नदीने वा समुद्राने काठ खाल्ल्याने होणारी हानी आणि सदोष बांधकाम हे सगळं वगळलेलं आहे. घर भरावावर उभं असेल आणि पुरानंतर भिंतीला तडे गेले, तर तडे पुरामुळे की भराव खचल्यामुळे, यावर दावा अडतो. म्हणून पावसाळ्याआधी घराच्या चारही बाजूंचे आणि पायाजवळचे फोटो तारखेसह काढून ठेवा. तडे नवे आहेत हे दाखवायला एवढा पुरावा खूप उपयोगी पडतो.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ उमटते. तिला टेप लावून फोटो काढा. भिजलेल्या वस्तू नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर येऊन बघेपर्यंत फेकू नका. आरोग्यासाठी फेकणं भागच असेल तर कंपनीला आधी कळवा, प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो ठेवा.

त्याच पुरात तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं काय? बहुधा आत काहीच होणार नाही. पण तळमजल्यावरचे मीटर, पंप, लिफ्ट आणि जनरेटर बुडतील. ते तुमच्या पॉलिसीत येत नाहीत, ती सोसायटीची मालमत्ता आहे. सोसायटीने इमारतीचा विमा काढलेला नसेल तर तो खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघतो आणि तुमचा वैयक्तिक विमा कितीही मोठा असला तरी त्यातला रुपया भरून देत नाही. सेक्रेटरीकडून सोसायटीच्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. त्यात लिफ्ट, पंप, कुंपण धरलंय का आणि रक्कम किती आहे ते बघा. एकाच नुकसानीची भरपाई दोन्ही पॉलिसींतून दोनदा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

फ्लॅटमध्ये पाणी येतं ते वरून. वरच्या घरातला पाइप फुटला आणि तुमचं छत, लाकडी कपाटं खराब झाली तर ते कारण यादीत आहे, दावा होतो. पण महिनोन्‌महिने झिरपून आलेली ओल ही अचानक घडलेली घटना नसते, तिला भरपाई नाही. सर्वेअर हा फरक डोळ्यांनी ओळखतो. ताज्या पाण्याचा डाग एकसारखा, मोठा आणि ओला असतो. जुन्या झिरपण्याचा डाग एकात एक तपकिरी वलयांचा असतो, कडेला रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात, भिंतीला लोणा लागलेला असतो. म्हणून पाइप फुटल्याचं कळताच त्याच दिवशी कंपनीला कळवा, प्लंबरचं बिल आणि फुटलेला तुकडा जपून ठेवा. डाग जुना होऊ दिलात तर फुटलेल्या पाइपचं नुकसानही ओल म्हणून मोजलं जाईल. गच्चीतून दर पावसाळ्यात गळणाऱ्या स्लॅबचा प्रश्न दुरुस्तीनेच सुटतो, तो विम्यावर सोडू नका.

आगीबाबत दोन्ही घरांत नियम एकच. एसीमध्ये शॉर्ट सर्किट झालं, तिथून पडदे पेटले आणि हॉल जळला. पडदे, सोफा, छत, रंग यांची भरपाई मिळते. पण ज्या एसीत शॉर्ट सर्किट झालं तो एसी वगळला जातो. विद्युत दाब, शॉर्ट सर्किट यांनी एखादं उपकरण आतून जळालं तर तेवढं उपकरण वगळायचं असा नियम आहे, आणि तो वीज पडून दाब वाढला तरी लागू होतो. उपकरणांसाठी बिघाडाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आग विझवताना मारलेल्या पाण्याने झालेलं नुकसान आगीतच धरलं जातं. फ्लॅटमध्ये एक गोष्ट अधिक: आग शेजाऱ्याकडून आली तरी तुमचा दावा तुमच्याच पॉलिसीवर होतो. उलट तुमच्या घरातून आग पसरून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी ही पॉलिसी उचलत नाही, त्यासाठी वेगळं दायित्व संरक्षण घ्यायला हवं. भिंतीला भिंत लागून घरं असताना ते घेणं मला आवश्यक वाटतं. घर राहण्याजोगं नसेल तर तेवढ्या काळासाठी पर्यायी जागेचं भाडंही मूळ पॉलिसीत आहे.

चोरीच्या बाबतीत लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत असते. मूळ पॉलिसीत साधी घरफोडी नाहीच! चोरी येते ती फक्त यादीतल्या एखाद्या घटनेमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली असेल तर. पुराच्या उदाहरणात आई-वडील नातेवाइकांकडे गेले, फुगलेलं दार लागत नव्हतं आणि चौथ्या दिवशी टीव्ही गेला, तर मिळेल. बाराव्या दिवशी गेला तर नाही. घराबाहेर ठेवलेली वस्तू गेली तर नाहीच. भिंतीला वा छपराला बाहेरून लावलेली वस्तू पक्की बसवलेली असेल तरच.

म्हणून घरफोडीचं संरक्षण दोन्ही घरांना जोडून घ्या, आणि घेताना व्याख्या वाचा. बहुतेक ठिकाणी बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण लागते: तुटलेलं कुलूप, कापलेली जाळी, उचकटलेली कडी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल प्रकरणात हेच सांगितलं, की पॉलिसीत बळाचा वापर ही अट असेल तर नुसती चोरी घरफोडीत बसत नाही. उघड्या दारातून मोबाइल गेला किंवा घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने वस्तू नेली, तर साध्या चोरीचं संरक्षण आहे का ते विचारून घ्या. शिवाय घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद राहिलं तर संरक्षण थांबण्याची अट अनेक पॉलिसींत असते. आई-वडील महिनाभराहून जास्त तुमच्याकडे येणार असतील तर आधी कंपनीला लेखी कळवा. फ्लॅटला निदान वॉचमन आणि शेजार असतो, स्वतंत्र घर बंद दिसतं.

आता रक्कम. फ्लॅटची बाजारातली किंमत ८० लाख असली तरी विमा तेवढ्याचा नको. त्या किमतीचा मोठा भाग जमिनीचा आणि जागेच्या मोक्याचा असतो, आणि जमीन जळत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर असा हिशेब करा. उदाहरणापुरता दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरू. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटचे १५ लाख झाले. आई-वडिलांच्या १०० चौरस मीटर घराचे २५ लाख, आणि त्यावर कुंपण, आउटहाउस, टाकी यांची रक्कम वेगळी. पॉलिसी जास्त वर्षांची असेल तर इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. मधल्या काळात खोली वाढवून चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवलंत तर मात्र कळवून जादा हप्ता भरावा लागतो. हे जास्त घडतं ते स्वतंत्र घरातच.

इमारत आणि सामान असा एकत्र विमा घेतला की सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, कमाल १० लाख. म्हणजे फ्लॅटच्या सामानाला ३ लाख. एकदा खोलीखोलीतून फिरून यादी करा. फर्निचर, टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, कपडे धरले की ३ लाख बहुधा अपुरे पडतात. फ्लॅटमध्ये इमारतीचा आकडा लहान आणि आतलं सामान महाग असतं, त्यामुळे तिथे जास्तीची रक्कम वस्तूंच्या यादीसह जाहीर करा. दागिने, चांदीची भांडी, चित्रं या साध्या सामानात येत नाहीत. त्यांचं ऐच्छिक संरक्षण आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकन दाखला लागत नाही.

फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून निघालेली पॉलिसी आधी उघडून बघा. ती नुसती इमारतीची असू शकते, आणि रक्कम थकीत कर्जाइतकीच धरलेली असू शकते. तसं असेल तर फक्त सामानाची पॉलिसी वेगळी मिळते, तिला घरफोडीचं संरक्षण जोडून घ्या. इमारतीचं संरक्षण दुसऱ्यांदा विकत घेण्याची गरज नाही.