एरेटर सारखा चालू-बंद होतोय

प्रश्न: तळ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन ४ च्या आसपास आला की सोलर कंट्रोलर एरेटर सारखा चालू-बंद करतो. काय बदलू?

उत्तर: चालू आणि बंद करण्याचे आकडे वेगळे ठेवा. ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की चालू, ५.५ च्या वर गेला की बंद. शिवाय एकदा सुरू झाला की निदान अर्धा तास चालू द्या. एकच आकडा असला की रीडिंग जरा हललं तरी रिले टकटक करत बसतो आणि मोटरचा स्टार्टर जळतो. ऑक्सिजन मोजणारा प्रोब एरेटरच्या फवाऱ्याजवळ असेल तर तोही दूर न्या, तिथलं पाणी आधी सुधारतं आणि बाकी तळं तसंच राहतं.

एरेटर दिवसरात्र चालूच राहिला तर प्रोबवर शेवाळ बसलंय का ते आधी बघा. पुसून ओलसर हवेत धरा. २८ अंशांना गोड्या पाण्यासाठी साधारण ७.८ दिसायला हवं. खूप कमी दिसलं तर कॅलिब्रेशन करा.

एक मात्र आहे: ऑक्सिजन सर्वात कमी पहाटे असतो, आणि नेमकी तेव्हाच सोलरची बॅटरीही उतरलेली असते. छोट्या पॅनेलवर कंट्रोलर निवांत चालेल, पण एक एचपीचा एरेटर चार तासांत तीन युनिट खातो. त्याला वेगळी लाईन द्या.