थर्मासच्या डब्यात कोमट अन्न भरू नका

प्रश्न: मुलीची स्कूलबस सकाळी पावणेसातला येते आणि मोठी सुट्टी साडेअकराला होते. स्टीलच्या इन्सुलेटेड फ्लास्कमध्ये दिलेलं जेवण तोपर्यंत सुरक्षित तापमानात राहतं का? आणि त्यात काय काय देता येतं?

राहतं, पण भरताना ते किती गरम होतं आणि डबा किती भरला होता यावर सगळं आहे. डबा दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेला, म्हणजे व्हॅक्यूमचा हवा. बाहेरून प्लास्टिक आणि आत स्टीलची वाटी असलेले फोमचे डबे दुकानदार 'इन्सुलेटेड' म्हणूनच विकतात, पण ते तुमच्या वेळेला पुरणार नाहीत.

मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका मोठ्या कँटीन किचनमध्ये क्वालिटी बघते. कंपन्यांना जाणाऱ्या प्रत्येक भांड्यात काटा खुपसून तापमान लिहिणं हे माझं रोजचं काम. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर ठेवा, नाहीतर 5 अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. आम्ही किचनमध्ये थोडा हात राखून 65 धरतो. हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं असताना माझ्याच घरच्यांनी याच विषयावर मला 'तुझं कंपनीचं शास्त्र कंपनीत ठेव' असं ऐकवलं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आम्ही ऐरोलीत राहतो आणि माझी नणंद त्याच सोसायटीत, पुढच्या बिल्डिंगमध्ये. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच बसने जातात. वन्संनी त्याच्यासाठी जांभळी नाक्यावरून चांगला 400 मिलीचा व्हॅक्यूम डबा आणला होता. डब्यात खोट नव्हती, हे मी आधीच सांगते. एकदा त्याला शाळेतून येताना बसमध्येच उलट्या सुरू झाल्या. साडेअकराला खिचडी खाल्ली आणि एकच्या सुमारास पोरगं पांढरंफटक पडलं. संध्याकाळपर्यंत सावरला, पण वन्संनी सगळं खापर शाळेच्या पाण्यावर फोडलं. माझ्या मुलीने तेच पाणी प्यायलं होतं आणि ती ठणठणीत होती.

मी खिचडीचा प्रवास विचारला. आदल्या रात्री नऊला केलेली. जेवणं झाल्यावर कुकर तसाच ओट्यावर, झोपायच्या आधी अख्खं भांडं फ्रीजमध्ये. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, मग 'वाफ जाऊ दे' म्हणून ताटलीत पसरून ठेवली आणि कोमट झाल्यावर डब्यात भरली. तीही अर्धा डबा, कारण पोरगं कमी खातं.

यात दोन वेगळ्या गोष्टी बिघडतात. पहिली रात्रीची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात किंवा खिचडी तासन्‌तास कोमट राहिली की ते रुजतात, वाढतात आणि त्यातले काही उलटी आणणारं विष तयार करतात. हे विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. त्यामुळे 'सकाळी चांगली गरम केली होती' हा मुद्दा इथे निकामी आहे. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या होणं ही त्याची नेहमीची खूण.

दुसरी गोष्ट डब्यात भरतानाची, आणि माझा खरा वाद तिथेच आहे. वन्सं म्हणतात, गरम अन्नावर झाकण लावलं की वाफ धरते आणि अन्न आंबतं, आई असंच सांगायच्या. सासूबाई साध्या स्टीलच्या डब्याबद्दल सांगायच्या, आणि त्या डब्यासाठी ते अगदी बरोबर आहे. त्यात उष्णता टिकत नाही, वाफेचं पाणी होऊन पोळीवर पडतं आणि पोळी चिकट होते. व्हॅक्यूमच्या डब्याला हाच नियम लावला तर उलटं होतं. तो डबा अन्न गरम करत नाही, जे तापमान दिलं ते धरून ठेवतो. 48 अंशांची खिचडी दिली तर तो ती 48च्या आसपासच सांभाळत बसतो. साध्या डब्यात तीच खिचडी निदान त्या उबेतून लवकर खाली उतरली असती, सुरक्षित मात्र तीही नसती. डाळीत, उसळीत, मटणात सापडणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा दुसरा जिवाणू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो 43 ते 47 अंशांत. कोमट अन्न भरलेला महागडा डबा म्हणजे दही लावायला उबेला ठेवलेलं भांडंच.

तोंडाने बोलून कुणी ऐकलं नाही, म्हणून मी तोच डबा मागून घेतला आणि घरच्या ओट्यावर मापं घेतली. खोली साधारण 30 अंश, मुगाच्या डाळीची सैलसर खिचडी, वेळ तुमचीच: साडेसहाला भरायची आणि साडेअकराला उघडायची. डबा उकळत्या पाण्याने तापवून, काठोकाठ भरून, 86 अंशांना बंद केला तर उघडताना 64 निघाली. तेच सगळं करून डबा अर्धाच भरला तर 52. आणि वन्संच्या पद्धतीने वाफ घालवून 48ला भरलेली 41वर आली, म्हणजे पाचही तास नको त्याच पट्ट्यात.

याचं गणित समजून घेतलंत तर तुमच्या वेळेला स्वतःच अंदाज बांधता येईल. भरलेल्या डब्यातून दर तासाला आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या उरलेल्या फरकाचा साधारण दहावा भाग जातो. 86 आणि 30 यांत 56चा फरक, म्हणून पहिल्या तासाला पाच-साडेपाच अंश जातात आणि पुढे थोडे थोडे कमी होत जातात. डबा अर्धा भरला की आतली उष्णता निम्मी होते, पण झाकणातून गळती तेवढीच राहते, म्हणून घसरण जवळपास दुप्पट. कमी खाणाऱ्या मुलाला मोठा डबा अर्धा भरून देण्यापेक्षा 250-300 मिलीचा छोटा डबा काठोकाठ भरून द्या.

भरायची रीत अशी. भाजी फोडणीला टाकतानाच डब्यात उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि दहा मिनिटं राहू द्या. ते पाणी अन्न भरायच्या क्षणीच ओतून टाका, आधी नाही. अन्न गॅसवर रटरटत असताना तिथूनच डब्यात घ्या, ताटलीत काढू नका. वर झाकणापुरती जागा सोडा आणि लगेच बंद करा. न तापवता भरलं तर डब्याचं स्टील आणि झाकण मिळून तीन ते पाच अंश खातात. तुमच्या पाच तासांच्या हिशोबात तेवढ्यावरच पास-नापास ठरतं.

आता काय द्यायचं. ज्यात पाणी आहे आणि जे दाटून बसतं तेच द्या, कारण उष्णता पाण्यात मावते. सैल मुगाची खिचडी, वरणभात कालवून, राजमा, छोले, मटकीची उसळ, सांबार, रस्सा, सूप. खिचडी नेहमीपेक्षा पातळ ठेवा, डब्यात ती फुगून घट्ट होते. पोहे, उपमा, इडली मी व्हॅक्यूमच्या डब्यात देत नाही. पोहे हलके, फुगीर, त्यांच्यात हवाच जास्त. तेवढाच डबा भरूनही वजन कमी भरतं आणि ते लवकर कोमट होतात. पोळी आणि तळलेलं त्यात घालूच नका, वाफेने लगदा होतो. पोळी आणि कोरडी भाजी साध्या डब्यातच छान. मटण, कोळंबी, अंडं शाळेच्या डब्यात मी देत नाही. कुणी कितीही म्हणो, साडेअकरापर्यंतची खात्री माझ्याकडे नाही. दूधही नाही.

दहीभात द्यायचा असेल तर हाच डबा उलटा वापरा. भात पसरून निववून रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, दहीही थंडगार घ्या, डबा बर्फाच्या पाण्याने गार करा आणि काठोकाठ भरा. थंडीही तो तसाच धरतो. फक्त भात आदल्या रात्री दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेला हवा, आणि तोही उथळ ताटात. कुकर तसाच फ्रीजमध्ये ठेवला तर मधला भात मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतो.

एक गोष्ट शाळेकडूनही विचारून घ्या. छोट्या सुट्टीत मूल डबा उघडून दोन घास खातं आणि बाकीचं मोठ्या सुट्टीसाठी ठेवतं का? एकदा उघडला की वरची उष्णता निघून जाते आणि पुढचा हिशोब चुकतो. छोट्या सुट्टीचा खाऊ वेगळा द्या. घरी परत आलेलं उरलेलं अन्न कुणीही खाऊ नये, आजोबांनीही नाही.

डबा जुना असेल तर आधी त्याचा व्हॅक्यूम शाबूत आहे का बघा. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. गळ्यापाशी कोमट लागलं तर ठीक, पण पोटाशी किंवा तळाशी गरम लागलं तर व्हॅक्यूम गेला. पडून पोचा आलेल्या डब्यात हे हमखास होतं आणि त्याला दुरुस्ती नाही. झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा, वास तिथेच बसतो.

माझे आकडे एका डब्याचे आणि माझ्या स्वयंपाकघरातले आहेत, तुमचा डबा दोन-चार अंश वर-खाली दाखवेल. भाच्याच्या उलटीची कुणी लॅबमध्ये तपासणी केली नव्हती, त्यामुळे खिचडीनेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण ताटलीत वाफ घालवून थर्मासमध्ये भरणं चूक आहे, हे मी आजही वन्संसमोर सांगते. आणि 64 अंशांचं अन्न लहान मुलाच्या जिभेला भाजतं, म्हणून सोबत छोटी वाटी द्या आणि तीत काढून फुंकून खायला शिकवा. झाकण कधीकधी आतल्या ओढीने घट्ट बसतं. पहिली-दुसरीतल्या मुलांना ते उघडत नाही, तेव्हा हवा सोडायचं बटण असलेलं झाकण घ्या.

अन्नात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. रविवारी तुमची नेहमीची भाजी साडेसहाला डब्यात भरा, मध्ये उघडू नका, साडेअकराला ढवळून मधोमध काटा धरा. 60च्या वर असेल तर तो पदार्थ तुमच्या मुलीच्या डब्याला चालेल. खाली असेल तर डबा लहान घ्या किंवा त्या दिवशी पोळीभाजी द्या.