वाचन उपक्रमाचे टिपण लिहिताना

शाळेच्या व्यवस्थापनाला द्यायच्या वाचन उपक्रमाच्या टिपणाचा आपला मसुदा वाचला. पहिल्या टिपणात इयत्ता पाचवीपुरताच उपक्रम मांडावा, कारण संपूर्ण शाळेचा प्रस्ताव खर्चाच्या आकड्यावरच अडतो. 'वाचनाची आवड निर्माण करणे' हे उद्दिष्ट वर्षअखेरीस तपासता येत नाही. त्याऐवजी 'प्रत्येक विद्यार्थी महिन्याला दोन पुस्तके घरी नेईल' असे लिहावे आणि सध्याची स्थिती देवघेव नोंदवहीतून काढून शेजारी द्यावी.

खर्चात नवखे लोक केवळ पुस्तकांची किंमत धरतात. समजा, दोन तुकड्यांत मिळून 80 मुले आहेत. सरासरी 80 रुपयांची 160 पुस्तके म्हणजे 12,800 रुपये. फाटणाऱ्या व हरवणाऱ्या प्रतींसाठी दहा टक्के, म्हणजे 1,280, आणि बांधणी, कव्हर व लेबलांसाठी 1,500 रुपये धरल्यास एकूण 15,580 होतात. हाच आकडा 'प्रतिविद्यार्थी सुमारे 195 रुपये' असाही लिहावा. व्यवस्थापनाला तो चटकन पटतो.

खरी अडचण पैशांपेक्षा तासिकेची असते. आठवड्याची वाचन तासिका कोणत्या विषयातून मिळणार, हे मुख्याध्यापकांशी आधी बोलून टिपणात नमूद करावे; अन्यथा 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन साजरा होतो आणि पुढे कपाटाला कुलूपच राहते.

अपेक्षित फलनिष्पत्ती लिहिताना, नेलेले पुस्तक वाचलेलेच असते असे गृहीत धरू नये. दर महिन्याला प्रत्येक तुकडीतील दहा मुलांना पुस्तकातला एखादा प्रसंग तोंडी सांगायला लावून त्याची नोंद ठेवण्याची तरतूद असावी. टिपण दोन पानांत बसवावे. पुस्तकांची यादी परिशिष्टात जोडावी.