‘म्हणे’ला संशयाच्या खात्यात टाकू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘असावा’ हे सगळे एकाखाली एक, आणि वर मथळा ‘अनिश्चितता’. खाली तुझी चिंता: मराठीत ज्ञानस्रोत दाखवणारं व्याकरण नाहीच, मग प्रबंधात लिहायचं काय? शब्द तू चांगले वेचले आहेस. मथळा मात्र चूक आहे, आणि तुझी चिंता त्या मथळ्यातूनच निघाली आहे.

माहिती कुठून आली ही एक गोष्ट. तिची खात्री किती ही दुसरी. हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेव.

“आईचा फोन होता, बाबांना उद्या घरी सोडणार म्हणे.” यात संशय कुठे आहे, दाखव मला. हे बोलणारी बाई एकीकडे बाबांची खोली आवरायला लागली आहे. ‘म्हणे’ एवढंच सांगतं की बातमी तिच्याकडे दुसऱ्याच्या तोंडून आली. आता उलटं घे: “मंडईत तुझ्या काकांना पाहिलं, पण तेच होते का, सांगता येत नाही.” इथे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि खात्री नाही. स्रोत आणि खात्री अशा एकमेकांना सोडून हलतात, तर त्या एका स्तंभात बसणार कशा?

ब्राझीलच्या वायव्य टोकाला, वाउपेस नदीच्या खोऱ्यात तारियाना नावाची भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांनी तिचं व्याकरण लिहिलं, आणि २००४च्या ‘एव्हिडेन्शियालिटी’ या पुस्तकात तिची उदाहरणं दिली. ‘जुसे फुटबॉल खेळला’ एवढं साधं वाक्य घे. खेळताना पाहिलं असेल तर क्रियापदाला ‘-का’. नुसता आवाज ऐकला असेल तर ‘-माह्का’. त्याचे बूट जागेवर नाहीत अशा डोळ्यांसमोरच्या खुणेवरून ताडलं असेल तर ‘-निह्का’. रविवारी तो खेळतोच, या माहितीवरून धरून चालला असाल तर ‘-सिका’. कुणी सांगितलं असेल तर ‘-पिदाका’. यातला एकही न लावता वाक्य पुरं होत नाही. आणि पाचांपैकी एकाचाही अर्थ ‘कदाचित’ नाही.

मराठीत अशी सक्ती नाही. ‘म्हणे’ गाळलंस तरी वाक्य उभं राहतं, म्हणून तारियानाशी बरोबरी करू नकोस. पण सक्ती नाही म्हणजे व्याकरण नाही, ही उडी तू कशी मारलीस? ‘म्हणे’ आणि ‘असं म्हणतात’ शेजारी ठेव. ‘म्हणतात’ अजून क्रियापद आहे. त्याला कर्ता देता येतो, काळ बदलता येतो, नकार लावता येतो: “असं कुणी म्हणत नाही.” ‘म्हणे’ गोठलं आहे. “तो आला म्हणे”, “त्या आल्या म्हणे”, “आम्ही नापास झालो म्हणे”. लिंग, वचन, पुरुष काहीही बदला, ते जागचं हलत नाही. नकाराचं बघ. “दादा घर विकत नाही म्हणे” यात नकार विकण्याला लागला. सांगितलं जाण्याला नकार द्यायचा तर ‘म्हणे’ कामाचं नाही, पुन्हा क्रियापदाकडे जावं लागतं. तसंच वाद घालून बघ. कुणी म्हणालं, “दादा घर विकतोय म्हणे,” आणि तू म्हणालीस, “खोटं आहे!” तर तू घरविक्री खोटी ठरवलीस, समोरच्याने ते ऐकलं हे खोटं ठरवलं नाहीस. स्रोताची खूण वादाच्या टप्प्याबाहेर राहते. क्रियाविशेषण आणि व्याकरणातली खूण यांत फरक करायला या परीक्षा उपयोगी पडतात.

“पण म्हणेमध्ये टोमणा असतोच की,” असं तू समासात लिहिलं आहेस. असतो कधीकधी. “म्हणे अभ्यास केला!” यात तो आहे, पण तो सुरात आहे. तेच ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटी सपाट आवाजात आलं की टोमणा जातो आणि स्रोत उरतो. जे सुराबरोबर जातं ते शब्दाच्या खात्यात मांडायचं नाही. “मी म्हणे त्याला शिव्या दिल्या!” हे तर फारच मजेशीर आहे: स्वतःच्याच कृतीची बातमी ऐकीव म्हणून सांगायची आणि ती झटकून टाकायची. खात्रीच्या मोजपट्टीवर हे वाक्य कुठे बसवशील?

पेरूतल्या कुस्को क्वेचुआ या भाषेवर मार्टिना फालर यांनी २००२ साली प्रबंध लिहिला. तिथे ऐकीव माहितीला ‘-सि’ लागतो. त्यांचं एक उदाहरण आहे: “पाऊस पडतोय-सि, पण माझा विश्वास नाही.” तिथे हे वाक्य बिनतक्रार चालतं. मराठीत करून बघ: “पाऊस पडतोय म्हणे, पण मला नाही पटत.” चालतं ना? विश्वास पुढच्या वाक्यात काढून घेता येतो, कारण ‘म्हणे’ने तो कधी दिलाच नव्हता. नाकारलाही नव्हता.

याच मुद्द्यावर माझं माझ्या मार्गदर्शकांशी वाजलं होतं. त्यांना ‘म्हणे’चं वर्णन ‘शंकादर्शक अव्यय’ असं हवं होतं. मी ते लिहायला नकार दिला आणि माझं काम वर्षानुवर्षं रखडलं. हट्टी होतो, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत. सोलापूर-बेळगावकडे कन्नड माणूस ‘आला म्हणे’ या अर्थी ‘बंदनंते’ म्हणतो, तेलुगूत ‘-अट’, तमिळमध्ये ‘-आम्’ हेच काम करतं. आजूबाजूला एवढं दिसत असताना मी डोळे मिटून शंका लिहायची होती का? खंत एकच आहे. भांडणात वेळ गेला आणि त्या सीमाभागातल्या म्हाताऱ्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करायची राहिली.

म्हणून तू भांडू नकोस, गोळा कर. आणि “अमुक इंग्रजी वाक्य मराठीत सांगा” असं विचारू नकोस. इंग्रजीतली ऐकीव बात तुला ‘कदाचित’ होऊन परत मिळेल. प्रसंग दे. शेजाऱ्यांचा मुलगा परत आला आहे, हे नक्की. एकदा बोलणाऱ्याने त्याला पाहिलं, एकदा दारात त्याचे बूट दिसले, एकदा वॉचमनने सांगितलं. खात्री तीच ठेवून स्रोत बदलायचा. मग वॉचमन तोच ठेव, पण एकदा तो भरवशाचा आणि एकदा थापाड्या. भरवसा बदलल्यावरही ‘म्हणे’ टिकलं, तर ते कोणत्या खात्याचं हे तुला कळेल. लोक “दोन्ही चालतं” म्हणून तुला दमवतील. तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवून त्यांच्या फोनवरच्या गप्पा ऐक, अर्थात परवानगीने.

‘वाटतं’ला मात्र वेगळं पान दे, तिथे खरी खाण आहे. “मला वाटतं तो आला” हे मत झालं. बूट बघून म्हटलेलं “आला वाटतं” हे ताडलेलं. ‘मला’ गळलं, शब्द शेवटी जाऊन बसला आणि काम बदललं. “मला वाटतं हा कायदा चुकीचा आहे” हे सहज निघतं. “हा कायदा चुकीचा आहे वाटतं” म्हणून बघ. कुणीतरी कुठलीतरी खूण पाहिल्यासारखं वाटेल. ‘असावा’ तुला छळेल. त्यात ताडणं आणि शक्यता दोन्ही मिसळलेली आहेत, ओढून एका बाजूला नेऊ नकोस, दोन्ही स्तंभांत लिही.

तक्ता पुन्हा पाठव, दोन स्तंभांचा. ‘ऐकलंय’ कुठे टाकतेस ते मला बघायचं आहे; त्याला अजून कर्ता लागतो, हे विसरू नकोस.

तुझा,
सर