‘सौम्य गॅमोपॅथी’ म्हणू नका

प्रश्न : आईचं वय 68. रिपोर्टात गॅमा भागात पॅराप्रोटीनचा पट्टा, डेसिलिटरला 0.8 ग्रॅम, आयजीजी कॅपा. डॉक्टरांनी ‘मोनोक्लोनल गॅमोपॅथी ऑफ अनडिटरमिन्ड सिग्निफिकन्स’ लिहिलंय. एक परिचित म्हणतात, मराठीत ‘सौम्य गॅमोपॅथी’ म्हणा. बरोबर काय? आणि सौम्यच असेल तर सहा महिन्यांनी परत रक्त कशाला?

तुमच्या परिचितांना सांगा, हा शब्द डॉक्टरांनीच टाकून दिलाय. ‘सौम्य’ ऐकलं की पेशंट फाइल माळ्यावर टाकतो.

गॅमा म्हणजे काय ते पटकन उरकतो. जेलच्या पट्टीवर सीरमचा थेंब ठेवून वीज सोडली की अल्ब्युमिन धन टोकाकडे सगळ्यात पुढे पळतं आणि गॅमा ग्लोब्युलिनं, म्हणजे बहुतेक अँटिबॉडीज, मागे रेंगाळतात. अल्फा-बीटा-गॅमा ही नावं स्वीडनच्या टिसेलियसनी 1937 साली दिली.

खरी गंमत ‘मोनोक्लोनल’मध्ये आहे. क्लोन हा ग्रीक शब्द, अर्थ डहाळी. 1903 साली वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो कलमं-फाटे लावून वाढवलेल्या झाडांसाठी वापरात आणला. म्हणजे मूळ अर्थाने आपला हापूस हा अस्सल क्लोन : कोयीपासून नव्हे, एकाच झाडाच्या काड्यांतून पसरलेला. आमराईत हजार कलमं असली तरी फळ एकच. प्लाझ्मा पेशींचंही तसंच. निरोगी माणसात त्यांची असंख्य कुळं असंख्य प्रकारच्या अँटिबॉडीज बनवतात, म्हणून पट्टीवर गॅमाचा भाग पसरट, पुसट दिसतो. एकच कूळ माजलं की त्याची सगळी अँटिबॉडी सारख्याच विद्युतभाराची, त्यामुळे ती एकाच जागी थांबते आणि तिथे ठळक, अरुंद रेघ उमटते. तोच तुमचा पॅराप्रोटीनचा पट्टा. ‘आयजीजी कॅपा’ हा त्या कुळाचा शिक्का, इम्युनोफिक्सेशन या चाचणीने ओळखलेला. जुन्या संसर्गात किंवा लिव्हरच्या आजारात गॅमा वाढतं, पण ते पसरटच राहतं. ती वेगळी गोष्ट.

म्हणून माझा हट्ट : मोनोक्लोनलला ‘एककलमी’ म्हणा. ‘एककलमी कार्यक्रम’ आपण म्हणतोच, आणि या पेशींचा कार्यक्रमही तोच, एकच प्रोटीन काढत राहायचं. तिथलं कलम कायद्याचं आहे, झाडाचं नाही, अशी हरकत येईल. येऊ द्या. दोन्ही कलमं अरबी ‘कलम’मधूनच आलीत, आणि ‘एकपेशीय’ लिहिणाऱ्यांपेक्षा मी बरा. एकपेशीय अमीबा असतो हो!

आता ‘सौम्य’. हा शब्द स्वीडिश डॉक्टर वाल्डेनस्ट्रोमचा. माणूस थोर, मोनोक्लोनल-पॉलिक्लोनल हा भेद त्यानेच रुजवला. पण पट्टा स्थिर दिसला म्हणून ‘सौम्य’ म्हणणं हे भविष्य सांगणं झालं. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी 1978 साली ‘अर्थ अनिश्चित’ हे नाव दिलं, कारण त्यातल्या काहींना पुढे मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, होत होता. पुढे त्यांच्या गटाने मिनेसोटातल्या 1384 जणांचा माग ठेवला : धोका वर्षाला साधारण 1 टक्का, आणि मुख्य म्हणजे पंचवीस वर्षांनीही तो संपत नाही. पहिली काही वर्षं निभावली की सुटलात, असं इथे नाही. तपासणी चालू राहते ती यामुळे. आज कोणाचं कूळ शांत राहील आणि कोणाचं उसळेल, हे पट्टा बघून नक्की कळत नाही.

आईच्या आकड्यांवर या. पट्टा 1.5 ग्रॅमच्या खाली, जात आयजीजी. फ्री लाइट चेनचं, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या अँटिबॉडीच्या तुकड्यांचं, गुणोत्तरही नॉर्मल असेल (0.26 ते 1.65), तर तिन्ही बाबतीत कौल चांगला आणि वीस वर्षांत आजार बळावण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीपुढच्या सुमारे 3 टक्के लोकांत असा पट्टा सापडतो, त्यातल्या बहुतेकांना त्याचा त्रास कधीच होत नाही. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम ठीक असेल तर औषध काहीच नाही.

सहा महिन्यांची तपासणी पट्टा जागच्या जागी आहे ना, एवढं पाहायला. स्थिर निघाला तर अशा कमी धोक्याच्या पेशंटला पुढे दोन-तीन वर्षांतून एकदा बोलावतात. शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, आणि 0.8 चा 0.9 झाला तर घाबरू नका, तेवढा फरक मोजणीतच पडतो. निदान अर्धा ग्रॅम आणि पावपट वाढ झाली तर तिला वाढ म्हणतात. मात्र न जाणारी हाडदुखी, थकवा आणि फिकटपणा, फेसाळ लघवी किंवा पायांना मुंग्या सुरू झाल्या तर तारखेची वाट पाहू नका. पट्टा लहान असला तरी त्यातली लाइट चेन मूत्रपिंडाला किंवा नसांना त्रास देऊ शकते.