व्हेंट्रिकल मोठे आहेत, पण टाळूखालचे काप पाहिलेत का?

«आई ७४ वर्षांची. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी चालते, लघवीही आवरत नाही. सीटीच्या रिपोर्टात ‘व्हेंट्रिकल मोठे, वयोमानानुसार मेंदू आकसलेला’ असं आहे. फिल्मवर मोजलं तर पुढची शिंगं ४६ मिमी आणि कवटी आतून १३४ मिमी भरली. डोक्यात पाणी तर झालं नसेल?»

व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, आणि पुढची शिंगं म्हणजे त्यांची पुढची टोकं. ४६ भागिले १३४ म्हणजे ०.३४. हाच इव्हान्स इंडेक्स, १९४२ पासून वापरात असलेला. दोन्ही मापं एकाच कापावर घेतली असतील तर आकडा धरून चाला. ०.३ च्या वर गेला की व्हेंट्रिकल मोठे, एवढंच तो सांगतो. ते का मोठे झाले, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय सत्तरीनंतर धडधाकट माणसांतही तो कधी कधी ०.३ ओलांडतो.

खरा फरक कळतो तो डोक्याच्या अगदी वरच्या, टाळूखालच्या शेवटच्या तीन-चार कापांवर. मेंदू आकसला की सगळीकडची जागा वाढते, त्यामुळे व्हेंट्रिकलसोबत वरच्या वळ्यांमधल्या काळ्या भेगाही रुंद होतात. वयस्कांच्या नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलसमध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या डोक्यात पाणी होण्याच्या आजारात, मात्र मेंदूचा वरचा भाग कवटीला दाटून बसतो आणि त्या भेगा मिटल्यासारख्या दिसतात. व्हेंट्रिकल एवढे मोठे आणि टाळूखाली भेगा जवळपास नाहीतच, ही विसंगती दिसली की मी थांबतो.

फसगत होते ती मधल्या कापावर. या आजारात कानाच्या वरच्या बाजूची सिल्व्हियन फिशर, म्हणजे मेंदूच्या कडेची मोठी भेग, हीसुद्धा रुंद होते. तेवढा एकच काप पाहिला तर ‘आकसलेला मेंदू’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. रिपोर्ट घाईत लिहिला असेल तर हेच झालं असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

म्हणून फिल्म बाजूला ठेवा आणि सीडी घेऊन सेंटरवर जा. त्याच डेटातून कोरोनल, म्हणजे समोरून पाहिल्यासारखे उभे, काप काढून मागा, पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. त्यावर दोन्ही व्हेंट्रिकलच्या छतांमधला कोन, म्हणजे कॅलोसल अँगल, मोजतात. तो ९० अंशांच्या आत आला तर संशय बळावतो. नुसत्या आकसण्यात तो सहसा त्याहून मोठा असतो. काप ठरलेल्या रेषेला काटकोनात नसेल तर कोन चुकतो, त्यामुळे हे माप रेडिओलॉजिस्टलाच घेऊ द्या.

व्हेंट्रिकलभोवतीच्या काळसर पट्ट्यावर फार विसंबू नका. बीपी-शुगरवाल्यांत बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारानेही तो तसाच दिसतो.

तुम्ही सांगितलेली चाल आणि लघवीची तक्रार पाहता, कोन मोठा आला तरी न्यूरोलॉजिस्टना दाखवाच. ते बहुधा पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून बघतील. आधी आणि नंतर आईच्या चालण्याचा व्हिडिओ घ्या, वळताना किती पावलं टाकते ते त्यात दिसू द्या. चाल सुधारली तर शंटचा, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वळवणाऱ्या नळीचा, विचार होतो. नाही सुधारली म्हणून आजार नाहीच, असं मात्र ठरत नाही.

आणि मध्येच डोकेदुखी, उलट्या, गुंगी सुरू झाली तर मोजमापं सोडा, थेट कॅज्युअल्टी गाठा.