छताला पोट आलंय, पण स्लॅब हलतोय का?

"आमच्या हॉलच्या छताला मधोमध पोट आल्यासारखं दिसतं आणि प्लास्टरवर एक लांब भेग आहे. वरच्या मजल्यावर सामान खूप वाढलंय. स्लॅब वाकतोय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? त्याखाली झोपायची भीती वाटते."

असाच प्रश्न घेऊन तळमजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मी बांधकामांच्या मजबुतीचा सल्लागार, पण कामाचा निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. ताईंनी मोबाइलवर छताचे फोटो आणले होते. फोटोवरून स्लॅबचा बाक ठरवता येत नाही, कारण भिंगाच्या कडेला सरळ रेघही वाकडी दिसते. म्हणून त्यांना आधी एकच विचारलं, "ताई, दारं-खिडक्या पूर्वीसारख्या लागतात का?"

त्या म्हणाल्या, "आमच्या लागतात. वरच्या काकांकडे नव्या खोलीचं दार घासतं. ते म्हणतात, लाकूड फुगलंय."

छताच्या भेगेपेक्षा ही माहिती जास्त कामाची होती. स्लॅब वाकतो तेव्हा त्याच्यावर उभी असलेली विटांची भिंत त्याच्यासारखी वाकू शकत नाही. मग ती तिरकी तडकते, किंवा तिच्या बुडाशी मधोमध फट पडते, आणि दाराची चौकट काटकोनातून सरकते. तसंच, स्लॅबखाली भार न घेणारी आडभिंत असेल तर तो तिच्या डोक्यावर टेकतो आणि तिथलं प्लास्टर चुरडतं. फरशा मध्येच उचलल्या जाणं किंवा गच्चीवर पूर्वी वाहून जाणारं पाणी आता मध्यावर साचणं हीसुद्धा त्याच जातीची लक्षणं. ही सगळी आकार बदलल्याची लक्षणं आहेत. नुसतं पोट दिसणं तसं नाही. स्लॅब ओततानाच सेंट्रिंगच्या फळ्या दबल्या असतील, तर पोट पहिल्या दिवसापासून असतं आणि घरातल्यांचं लक्ष मात्र पुष्कळ वर्षांनी जातं.

हॉल ४.२ मीटर रुंद होता आणि लांबीला दुपटीहून जास्त. अशा स्लॅबचा भार मुख्यतः आखूड बाजूने, म्हणजे दोन लांब भिंतींवर जातो, म्हणून मोजमापही आखूड बाजूनेच घ्यायचं. ताईंच्या मुलाला हाताशी घेऊन आम्ही दोरीने मोजलं. बरोबर ५० मिलिमीटर जाडीचे दोन लाकडी ठोकळे समोरासमोरच्या भिंतींलगत छताला टेकवून धरले आणि त्यांच्या खालच्या कडांवरून गवंड्याची नायलॉनची लाइनदोरी ताणली. छत सपाट असतं तर दोरी आणि छत यांत सगळीकडे ५० मिलिमीटर अंतर भरलं असतं. स्टीलच्या पट्टीने मध्यावर ३८ भरलं. म्हणजे बाक १२ मिलिमीटर.

इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. दोरी स्वतःच थोडी लोंबते, तिच्या झोळामुळे मधलं अंतर वाढतं आणि स्लॅबचा बाक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून दोरी तुटायच्या बेतात येईपर्यंत ताणायची. दुसरं, फक्त मध्यावर मोजून थांबायचं नाही. आम्ही पाव आणि पाऊण अंतरावरही मोजलं, तिथे बाक ८ आणि ९ भरला. भाराने वाकलेल्या स्लॅबचा बाक असाच सलग वाढत जातो. पाव अंतरावर तो मधल्या बाकाच्या निम्मा ते पाऊण पट भरतो. तिथे एक-दोन आणि मध्यावर एकदम १२ आलं असतं, तर मी प्लास्टरचा जाड थर किंवा फळ्यांचा सांधा धरला असता. लेझर लेव्हल मिळाली तर काम सोपं होतं: आडव्या रेषेपासून छतापर्यंत पाच ठिकाणी मोजायचं, फक्त रेषा जाड असल्यामुळे दर वेळी तिचा मध्यच धरायचा.

मुलगा म्हणाला, "साहेब, नेटवर लिहिलंय की लांबी भागिले २५० चालतं."

बरोबर आहे, बांधकामाच्या अनेक नियमावल्यांत ही मर्यादा आढळते. ४२०० भागिले २५०, म्हणजे जवळपास १७ मिलिमीटर. आमचे १२ त्याच्या आत होते. पण ही मर्यादा मुख्यतः दिसण्याची आणि वापराची सोय पाहून ठरवलेली असते. ती ताकदीचं प्रमाणपत्र देत नाही. आठ मिलिमीटर वाकलेला स्लॅब सळया गंजून धोक्यात असू शकतो आणि वीस वाकलेला वर्षानुवर्षं ठणठणीत उभा राहू शकतो. शिवाय या १२ पैकी ओततानाचे किती आणि भाराचे किती, हे एका मोजणीतून कळत नाही. शेजारच्या तशाच हॉलमध्ये, जिथे वर फारसं सामान नव्हतं, दोरीने ५ भरले. त्यावरून अंदाज आला, पुरावा नव्हे.

मग आम्ही वर गेलो. काकांनी हॉलच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, तीन मीटर लांबीची विटांची भिंत घातली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं व कागदांचे गठ्ठे भरलेली, माणसाहून उंच कपाटं. "घर आमचं आहे, सामान कुठे ठेवायचं ते आम्ही ठरवू," असं त्यांनी आधीच ऐकवलं. मी वाद घातला नाही, कागद मागितला.

दहा सेंटिमीटर जाडीची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली विटांची भिंत दर चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास जाते. २.८ मीटर उंचीला लांबीच्या दर मीटरमागे पावणेसातशे किलो, म्हणजे तीन मीटरला सुमारे दोन हजार. गच्च भरलेलं पुस्तकांचं कपाट रुंदीच्या दर मीटरला तीनशे किलोच्या घरात जातं. दोन्ही बाजूंची मिळून अठराशे. एकूण तीन हजार आठशे. घराच्या स्लॅबसाठी माणसं आणि सामान यांचा भार साधारणतः दर चौरस मीटरला २०० किलो धरतात. तीन मीटरचा पट्टा गुणिले ४.२, म्हणजे साडेबारा चौरस मीटरला अडीच हजार किलो. भार थोडा आजूबाजूच्या स्लॅबमध्ये वाटला जातो हे खरं, पण तोच भार पसरून न ठेवता मधल्या रेघेवर ठेवला, की स्लॅबला वाकवणारा जोर दुप्पट होतो. तेच कपाट तुळईवरच्या भिंतीला लावलं तर स्लॅबला त्याचा फारसा त्रास होत नाही. हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले.

आता खरी परीक्षा बाकी होती: भार काढल्यावर स्लॅब परत येतो का? ताईंची फरशी थेट जमिनीवर होती, त्यामुळे साधी काठी पुरली. छताच्या मध्यावर पेन्सिलने फुली केली, तिच्या खाली फरशीवर खूण केली आणि तिथे छताला जेमतेम न टेकणारी सरळ काठी उभी केली. काठीचं टोक आणि छत यांतली फट ड्रिल बिटच्या दांड्यांनी मोजली. कोणत्या जाडीचा दांडा अलगद जातो ते पाहायचं. १० चा गेला. काकांनी कपाटं रिकामी करून भिंतीकडेच्या बाजूला नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी १२ चा गेला. स्लॅब दोन मिलिमीटर वर आला होता. तुमच्या खाली आणखी एखादा मजला असेल तर मात्र ही काठी वापरू नका, कारण तिच्या बुडाची फरशीही हलणारी असते. गच्चीचा स्लॅब मोजत असाल तर दर वेळी पहाटे मोजा. उन्हाने वरचा पृष्ठभाग प्रसरण पावतो आणि दुपारी स्लॅब वर फुगतो, त्यामुळे सकाळची आणि दुपारची मोजणी जुळत नाही.

ताईंनी विचारलं, "मग बाकीचा बाक कधी जाणार?"

तो जाणार नाही. काही ओततानाचा होता, आणि काँक्रीट कायम भाराखाली वर्षानुवर्षं सावकाश वाकत राहतं. असा साठलेला बाक भार काढल्यावर पूर्ण परत येत नाही. पाहायचं ते वाढीकडे. सुरुवातीला जास्त आणि मग मंदावणारी वाढ काँक्रीटच्या स्वभावाला धरून आहे. भार न वाढता दर महिन्याला तेवढीच किंवा आधीहून जास्त वाढ दिसली, तर मोजत बसायचं नाही, इंजिनिअरला बोलवायचं.

छताची भेग लांब भिंतींना समांतर, बरोबर मध्यावर होती. भार पडलेल्या स्लॅबच्या पोटाला भेग तिथेच पडते. प्लास्टर टोकरून पाहिलं तेव्हा ती काँक्रीटमध्ये गेलेली होती, पण केसासारखी, ०.३ मिलिमीटरच्या आत. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघा मारून तारीख लिहिली. काकांनी पुढे विटांची भिंत काढून हलक्या पॅनेलची घातली, तेव्हा स्लॅब आणखी एक मिलिमीटर वर आला. त्यानंतरच्या मोजण्यांत फरक पडला नाही आणि भेग रेघांच्या पुढे गेली नाही. माझ्या मते याहून खर्चिक काही करायची तिथे गरज नव्हती. काकांनी आधी सुचवलेला उपाय, म्हणजे वरची फरशी समपातळीत आणायला मध्यावर आणखी कोबा भरणं, हा तर उलटा होता. खड्डा भरला की भारही वाढतो.

हे सगळं मोजून शांत होण्याचं प्रकरण होतं. काही प्रकरणं तशी नसतात. पोटाला गंजाचे डाग, प्लास्टर ठोकल्यावर पोकळ आवाज, काँक्रीटचे पापुद्रे सुटून सळी उघडी पडणं, किंवा तुळईच्या टोकाशी तिरकी भेग दिसली, तर बाक किती हा प्रश्न दुय्यम ठरतो. तुळयांशिवाय थेट खांबांवर बसलेल्या सपाट स्लॅबमध्ये खांबाभोवती गोल भेगा दिसल्या, तर बाक न वाढताही तो अचानक फाटू शकतो. तिथे वरचा भार हलवा, खालची जागा रिकामी करा आणि त्याच दिवशी तपासणी करून घ्या. टेकू लावायचे तर इंजिनिअरने दाखवलेल्या जागी, खाली-वर जाड फळी देऊन, नुसते टेकतील इतकेच आवळायचे. जॅकने स्लॅब वर ढकलला की वरच्या बाजूला, जिथे सळया नसतात, तिथे तो तडकतो.

बाल्कनीचं सगळं उलटं असतं. तिच्या सळया वरच्या बाजूला असतात, म्हणून भेग फरशीखाली, भिंतीलगत पडते आणि खालून पाहिलं तर काहीच दिसत नाही. तिथे दोरी नको. स्पिरिट लेव्हल लांब सरळ पट्टीवर ठेवून बाहेरच्या कडेला किती उतार आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. पाणी जाण्यासाठी मुळात उतार दिलेला असतो, त्यामुळे इथेही वाढच पाहायची. उतार वाढला किंवा भिंतीलगत फरशीचा सांधा लांबवर उघडला, तर कुंड्या आत घ्या, बाल्कनीचं दार बंद ठेवा आणि खालून कुणी जाणार नाही अशी सोय करा.